डावा रकाना वर्गात भरू नका

दोन रकान्यांच्या नोट्स तुम्ही पाहिल्या असतीलच. पानाच्या डाव्या कडेपासून अडीच इंचांवर उभी रेघ, उजवीकडे मोठा रकाना आणि तळाशी दोन इंचांची आडवी पट्टी. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी ही पद्धत रुजवली, म्हणून कॉर्नेल नोट्स. रेघा मारणं सोपं आहे. डाव्या रकान्यात काय लिहायचं आणि कधी, तिथे गाडी अडते.

मी अडकलो तो सापळा असा. लेक्चर चालू असतानाच डावीकडे मथळे लिहायचे. पान नीटनेटकं दिसतं आणि अभ्यास झाल्यासारखं वाटतं. पण मथळा काहीच विचारत नाही.

समजा, एन्झाइमवरचं लेक्चर आहे. उजवीकडे तुम्ही लिहिलंत: ‘कॉम्पिटिटिव्ह इन्हिबिटर अॅक्टिव्ह साइटवर बसतो. केएम वाढतो, व्हीमॅक्स तेवढाच.’ व्हीमॅक्स म्हणजे एन्झाइमचा कमाल वेग, आणि केएम म्हणजे त्याच्या निम्मा वेग गाठायला सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, किती लागतो ते. डावीकडे ‘इन्हिबिशनचे प्रकार’ असं लिहिलं, तर संध्याकाळी ते वाचून ‘हो, माहीत आहे’ म्हणत तुम्ही पुढे जाल. त्याऐवजी लिहा: ‘इन्हिबिटर असूनही व्हीमॅक्स का बदलत नाही?’ आता उजवा रकाना कोऱ्या कागदाने झाका आणि उत्तर मोठ्याने द्या. इन्हिबिटर आणि सब्स्ट्रेट एकाच जागेसाठी भांडतात, सब्स्ट्रेट भरपूर वाढवला की इन्हिबिटरला जागा मिळेनाशी होते, म्हणून कमाल वेग गाठता येतो. फक्त त्यासाठी सब्स्ट्रेट जास्त लागतो, म्हणून केएम वाढलेला दिसतो. हे बोलताना ‘जागा मिळेनाशी होते’ इथे अडखळलात, तर नेमकी कुठली कडी निसटली ते कळलं. प्रश्नाशेजारी एक ठिपका द्या, कागद उचलून पाहा, परत झाका आणि पुन्हा सांगा.

प्रश्न बरा आहे की नाही हे ओळखायची माझी कसोटी एकच आहे. उत्तर एका शब्दात किंवा ‘हो-नाही’त संपत असेल, तर तो बदला. ‘का’, ‘कसं’, ‘अमुक बदललं तर काय होईल’ असे प्रश्न टिकतात. एका पानाला चार-पाच पुरे. प्रत्येक ओळीला प्रश्न करत बसलात तर आठवड्यात कंटाळून सोडाल, हे स्पष्टच सांगतो.

हे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंत करायचं. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या तासांत सर्वांत जास्त असतो, मग तो मंदावतो. त्यांनी निरर्थक अक्षरगट पाठ केले होते, त्यामुळे त्यांचे आकडे लेक्चरला जसेच्या तसे लावू नका. पण नोट्सच्या बाबतीत आणखी एक साधं कारण आहे. घाईत लिहिलेला बाण आणि ‘इथे उलटं!’ याचा अर्थ त्या दिवशी लागतो, चार दिवसांनी लागत नाही.

वरिष्ठ सांगतात, ‘रोज रात्री नोट्स एकदा वाचून काढ.’ त्यांच्या या सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचणं त्या रात्री खरंच फायद्याचं भासतं, म्हणूनच ते फसवं आहे. दुसऱ्याच्या तयार नोट्स किंवा फळ्याचे फोटो घेऊनही हे साधत नाही, कारण तुम्हाला कुठे कळलं नाही याची खूण त्यांत नसते.

वेळाचं दडपण घेऊ नका. एका लेक्चरला दहा-पंधरा मिनिटं लागतात: आधी अर्धवट वाक्यं पुरी करायची, मग प्रश्न, मग झाकून उत्तरं, शेवटी तळाच्या पट्टीत दोन वाक्यांचा सारांश, तोही न बघता. चार लेक्चर झालेल्या दिवशी दमला असाल तर सारांश सोडा, प्रश्न सोडू नका. गणिताच्या तासाला सिद्धता उतरवतानाच दमछाक होते. तिथे डावीकडे फक्त अवघड पायरीसमोर ‘ही पायरी का चालते?’ एवढं लिहा.

एखादा दिवस चुकलाच तर पान फाडून नव्याने उतरवू नका, त्यात तास जातो आणि आठवण काहीच वाढत नाही. सोबत बसलेल्या कोणाला तरी विचारून रिकाम्या जागा भरा आणि थेट प्रश्नांवर या. पुढच्या तासाआधी पाच मिनिटं मिळाली, तर फक्त ठिपकेवाले प्रश्न पुन्हा झाकून सोडवा. दोनदा न अडखळता उत्तर आलं की ठिपका खोडा.