विमान उतरतानाचं दूध वेगळं राखून ठेवा

तान्ह्या बाळाला घेऊन विमानाने निघताना पासपोर्ट, व्हिसा, डायपर, वाइप्स, बाळाचे जादा कपडे हे कुणी सांगायला नको. स्वतःसाठी मात्र एक जादा कुर्ता हातातल्या बॅगेत घ्या, कारण ओकारी नेहमी आईच्या खांद्यावरच होते. एवढं झालं की बाकीची यादी खरी एकाच गोष्टीची आहे: विमान खाली उतरताना बाळाच्या तोंडात दूध असलं पाहिजे, म्हणजे त्याचे कान दुखत नाहीत. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं, म्हणून लिहायला बसले आहे.

उदाहरण लंडन-मुंबईचं घेते. बाळ साडेपाच महिन्यांचं, अर्धं अंगावर आणि अर्धं वरच्या दुधावर, साधारण तीन तासांनी दीडशे मिली पिणारं. हिवाळ्यात लंडनहून रात्री नऊला निघालेलं विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या पुढेमागे उतरतं. आजी-आजोबा डोंबिवलीहून जेवणाचा डबा घेऊन टर्मिनल दोनच्या बाहेर उभे असतात. पण मुंबईत साडेअकरा म्हणजे लंडनचे सकाळचे सहा. बाळाच्या हिशेबाने ती गाढ झोपेची वेळ. अख्खी रात्र रडारड करून ते नुकतंच झोपलेलं असतं, आणि आपणही मनात म्हणतो, झोपू दे बाई, आता उतरतोच आहोत. इथेच घात होतो.

कानाचं गणित समजून घ्या, म्हणजे उठवताना हात कचरणार नाही. कानाच्या पडद्याच्या आत जी हवा असते, तिला घशाशी जोडणारी एक बारीक नळी असते. विमान वर चढताना केबिनमधला दाब कमी होतो आणि आतली जादा हवा त्या नळीतून आपसूक बाहेर पडते. उतरताना उलट होतं. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि नळी मिटून बसते. ती उघडते गिळल्यावर किंवा जांभई दिल्यावर. आपण आवंढा गिळतो, बाळाला ते कळत नाही. झोपेत तर ते फारच कमी गिळतं. त्यात बाळाची नळी आपल्यापेक्षा आखूड आणि आडवी. म्हणून उड्डाणाच्या वेळी बाळ झोपलं असेल तर खुशाल झोपू द्या, जागं असेल तर पाजा. उतरताना मात्र उठवायचंच. कितीही जिवावर आलं तरी उठवायचं.

कानात कापूस घालून काही होत नाही, दाब पडद्याच्या आतल्या बाजूचा आहे. कोमट तेलही नको. आजीला फोनवर हे समजावायला दहा मिनिटं लागतील, ती निघायच्या आधीच घालवा.

आता दुधाचा हिशेब, आणि तो उलट्या बाजूने मांडायचा. आधी उतरतानाचं दूध बाजूला काढा, मग उरलेल्यातून प्रवास भागवा. आपण नेमकं उलटं करतो. बाळ रडलं की बाटली, बाळ कुरकुरलं की बाटली, शेजारच्या माणसाने मान वळवली की बाटली. शेवटी पिशवीत दूध नाही आणि बाळाच्या पोटात जागा नाही. पोट भरलेलं बाळ ओठ घट्ट मिटतं, मग तुमच्याकडे लिटरभर दूध असलं तरी काय उपयोग?

लंडनच्या घड्याळाने सांगते, मनगटावर तेच राहू द्या. सव्वानऊच्या सुमारास विमान उडताना पूर्ण पाजा. पुन्हा एकच्या आसपास पूर्ण. त्यानंतर साडेतीन-चारला उठलं तर अर्धंच द्यायचं, साठ-सत्तर मिली, आणि थोपटून झोपवायचं. नाही उठलं तर देव पावला, काहीच देऊ नका. म्हणजे साडेपाचला उठवाल तेव्हा ते भुकेलेलं असेल.

उतरतानाचे एकशेवीस मिली दोन बाटल्यांत साठ-साठ असे ओता. एका बाटलीत नको. पहिल्या दहा मिनिटांत सगळं गटागट पिऊन टाकलं तर पुढची वीस मिनिटं तोंड रिकामं राहतं, आणि कानाला खरा त्रास तेव्हाच होतो, कारण खालची हवा दाट असल्याने शेवटच्या टप्प्यात दाब भराभर वाढतो. या वेळेपुरतं कमी धारेचं निपल लावा. जितके जास्त घोट तितकं बरं, पोट भरणं दुय्यम आहे. आणि त्याशिवाय एक सीलबंद बाटली अगदी हाताशी ठेवा, डोक्यावरच्या कप्प्यात नव्हे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, आणि गर्दी असली की विमानाला वर घिरट्या घालाव्या लागतात. अर्ध्या तासाचा पाऊण तास कधी होतो कळत नाही.

ही उतरतानाची बाटली पावडरची नको. पावडर किमान सत्तर अंशांच्या पाण्यात कालवायची असते, मग ते निववायचं, आणि नेमकं तेव्हा विमानातले लोक लँडिंगसाठी सगळं आवरून बसलेले असतात. पाणी मागायला कुणी सापडत नाही. लंडनच्या औषधाच्या दुकानात तयार पातळ दुधाच्या छोट्या सीलबंद बाटल्या मिळतात, त्या घ्या. गरम करावं लागत नाही, पण बाळाला न तापवलेल्या दुधाची सवय हवी. आठवडाभर आधी घरी तसं देऊन बघा. तोंड वाकडं करायचं असेल तर घरी करू दे. सील विमानतळावर जायच्या आधी फोडू नका, उघडलेलं दूध फार टिकत नाही. सुरक्षा तपासणीत बाळाच्या दुधाला प्रवासापुरती सूट असते, पण ते बॅगेतून काढून वेगळं दाखवायला आणि एखादी बाटली उघडायलाही सांगू शकतात. म्हणून मोजून नेऊ नका, एक जास्त घ्या. अंगावरचं दूध गोठवून नेणार असाल तर लंडनहून ते हातातल्या सामानात चालत नाही.

अंगावर पाजत असाल तर बाटल्यांची कटकट नाही, पण राखून ठेवण्याचा नियम तोच. एक बाजू शेवटासाठी ठेवा. बाळ थोडं उभट धरा, अगदी आडवं पाजलं तर दूध त्या नळीच्या तोंडाशी जातं. कमरेचा पट्टा बाळाचा वेगळा आणि आपला वेगळा असतो, दोन्ही लावून पाजता येतं का हे उडायच्या आधीच बसून बघा.

सुरुवात कधी करायची? सीटबेल्टचा दिवा लागेल तेव्हा नाही. तोपर्यंत केबिनमधला दाब वाढायला लागलेला असतो. समोरच्या पडद्यावर नकाशा लावा. उतरायला पंचेचाळीस मिनिटं राहिली की बाटल्या ओतून ठेवा, नाक चोंदलं असेल तर सलाईनचे थेंब घाला, डायपर बदला, म्हणजे बाळ आपोआप जागं होतं. उंचीचा आकडा कमी व्हायला लागला की पहिली बाटली, साधारण उतरायच्या अर्धा तास आधी. दुसरी शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी. हवाईसुंदरीला आधीच सांगून ठेवा, त्या आठवणीने येऊन सांगतात. एक बारीक गोष्ट: वर असताना सील किंवा झाकण सावकाश उघडा. आतली हवा फुगलेली असते, दूध थेट तोंडावर उडतं. कुणाच्या, ते विचारू नका.

चोखणी चालते, पण दुधाइतकी नाही. सहा महिन्यांपुढच्या बाळाला पाण्याचे घोटही चालतात. बाळ मध्येच निपल सोडून किंचाळलं, कान ओढायला लागलं, मान इकडेतिकडे फेकायला लागलं, तर समजा कान अडकलाय. पिणं थांबलं म्हणून बाटली आत ठेवू नका. उभं धरा, दोन मिनिटं रडू द्या (रडतानाही मध्ये मध्ये गिळलं जातं), मग पुन्हा लावा. घशाकडे बघा. नुसतं चघळतंय की गिळतंय ते तिथे कळतं.

सर्दी असेल तर निघायच्या दोन दिवस आधी डॉक्टरांना कान दाखवून घ्या. कानात संसर्ग निघाला आणि त्यांनी थांबा म्हटलं तर तिकीट पुढे ढकला, वाद घालू नका. नाक मोकळं करायची मोठ्यांची औषधं बाळाला देऊ नका.

झोपेचं थोडक्यात. बॅसिनेट, म्हणजे विमानात मिळणारा बाळाचा छोटा पाळणा, तिकीट काढतानाच फोन करून मागा, जागा मोजक्या असतात, आणि वजन-लांबीची मर्यादा कंपनीगणिक बदलते, तीही विचारा. हवेत विमान हादरायला लागलं की बाळाला त्यातून उचलावं लागतं, उतरतानाही. म्हणजे तसंही ते उठणारच आहे, तर दूध पाजून उठवा. बॅसिनेटवर पांघरूण टाकून अंधार करू नका, हवा कोंडते. बाळ मांडीवर असताना आपला डोळा लागू द्यायचा नाही. दोघं असाल तर पाळ्या लावा, एकट्या असाल तर बाळ बॅसिनेटमध्ये गेल्यावरच डोळे मिटा.

बाळ झोपावं म्हणून सर्दीचं सिरप देऊ नका. बाळगुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त द्यायचा सल्लाही कुणीतरी देईल. देऊ नका. जायफळ जास्त झालं तर बाळाला खरोखर बाधतं. मधाचं बोटही वर्षाच्या आत नको.

मुंबईत पोचल्यावर साडेपाच तासांचा फरक पडतो. म्हणजे लंडनला आठला झोपणारं बाळ डोंबिवलीत रात्री दीडपर्यंत टक्क जागं. सकाळी आठ-नऊला उठवा, गॅलरीत उजेडात न्या, दुपारची झोप लांबू देऊ नका. चार-पाच दिवसांत बसतं. रात्रीची पाळी आजोबांना द्या, ते तशीही वाटच बघत असतात. दुधाचं पाणी फिल्टरचं असलं तरी उकळून. आणि दोन दिवसांत ताप आला, कान ओढणं थांबलं नाही किंवा कानातून पाणी आलं, तर घरगुती काही न करता कान दाखवून या.