गळ्यावरची थायरॉईडची सूज आणि आवळलेला घसा: कधी दाखवायचे, काय तपासायचे

गळ्याच्या पुढच्या बाजूला सूज आहे, घसा आवळल्यासारखा वाटतो, आणि हातात टीएसएचचा नॉर्मल रिपोर्ट आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात थायरॉईडची बरीचशी प्रकरणे इथेच थांबतात. 'थायरॉईड नॉर्मल आहे' असे कोणीतरी सांगते आणि माणूस घरी जातो. टीएसएचवरून ग्रंथी हार्मोन किती बनवते एवढेच कळते. ती किती मोठी झाली आहे आणि श्वासनळीला ढकलते आहे का, हे त्या रिपोर्टमधून कधीच कळत नाही. मोठी गलगंड असूनही टीएसएच अगदी व्यवस्थित असणे ही रोजची गोष्ट आहे. म्हणून हार्मोन, गाठीचा स्वभाव म्हणजे ती साधी आहे की कॅन्सरची, आणि दाब हे तीन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवा.

सूज थायरॉईडचीच आहे का

खिडकीच्या उजेडात आरशासमोर बसा, मंगळसूत्र-साखळी काढा, हनुवटी थोडी वर करा. पाण्याचा घोट तोंडात धरून एकदाच गिळा आणि कंठमणी ते गळ्याच्या तळाची खोलगट जागा यांच्यामधला भाग बघा. थायरॉईड श्वासनळीला चिकटलेली असते, त्यामुळे ती गिळताना वर जाते आणि परत खाली येते. चरबीची वळी किंवा बाजूची लसिकाग्रंथी अशी हलत नाही. कंठमणीही वर-खाली होतो आणि हाताला कडक लागतो, त्यालाच गाठ समजून घाबरणारे पुष्कळ आहेत. दिवसातून दहा वेळा चाचपू नका. त्याने घसा दुखू लागतो आणि मग ते दुखणेही गाठीच्या नावावर जमा होते.

आवळणे दाबाचे आहे की नुसतेच

ही पायरी सगळ्यात अवघड. लोक इथेच चुकतात आणि डॉक्टरांकडेही इथेच घाई होते.

'घशात गोळा अडकलाय, आवंढा गिळताना जाणवतो' असे सांगणाऱ्या बऱ्याच जणांत त्या जाणिवेचे कारण थायरॉईड नसते. अशी जाणीव बहुतेक वेळा बरोबर मधोमध असते, जेवणांच्या मधल्या वेळेत येते, नुसता आवंढा गिळला की वाढते आणि जेवायला बसले की विसरायला होते. एखादा दिवस चांगला जातो, काळजी वाढली की त्रासही वाढतो. सोबत आंबट पाणी वर येणे, रात्री उशिरा तिखट जेवण, सारखे खाकरणे असले तर आम्लपित्ताकडे आधी बघावे लागते.

खरा दाब याच्या उलट वागतो. तो जेवतानाच आडवा येतो, आणि तोही घट्ट पदार्थांपासून. जोंधळ्याची कोरडी भाकरी, चपाती, मोठी गोळी अडकते. आमटी आणि पाणी सुरळीत जाते. भाकरी नकळत आमटीत कुस्करून खायला सुरुवात झाली असेल तर ते लक्षण आहे, पण विचारल्याशिवाय कोणी ते सांगत नाही. दुसरी खूण झोपेची. उताणे झोपल्यावर गळ्यात जड वाटते, कुशीवर वळले की बरे वाटते, एका उशीच्या दोन झाल्या. 'कसे झोपता?' हा प्रश्न घरातल्यांना विचारा, त्यांचे उत्तर जास्त खरे असते.

तिसरी खूण श्वासाच्या आवाजाची, आणि तिथे मोठी गल्लत होते. श्वासनळी गळ्यात दबली असेल तर आवाज प्रामुख्याने श्वास आत घेताना येतो, शिट्टीसारखा किंवा खरखरीत, आणि तो गळ्याशी जास्त ऐकू येतो. दम्याची घरघर साधारणपणे श्वास सोडताना छातीतून येते. हा फरक न सांगितल्यामुळे गळ्याच्या दाबाला महिनोन्‌महिने दम्याचा पंप दिला जातो. पंपाने काहीच फरक पडत नसेल तर 'आवाज आत घेताना येतो' हे वाक्य डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

चौथी खूण हात वर करून बघायची. ज्याला बसल्या जागी आधीच दम लागतो त्याने हे घरी अजिबात करू नये. बाकीच्यांनी खुर्चीत बसून, जवळ कोणी असताना, दोन्ही हात कानाला लावून सरळ वर धरावेत, एक मिनिटभर. चेहरा लाल-निळसर होणे, गळ्याच्या शिरा फुगणे, श्वास कोंडणे यातले काही दिसले तर हात लगेच खाली घ्या आणि दाखवायला जा. ग्रंथीचा खालचा भाग छातीच्या हाडामागे उतरला की हात वर केल्यावर तिथली जागा आणखी अरुंद होते, म्हणून असे होते. काही झाले नाही तर मात्र 'दाब नाही' असा अर्थ काढू नका. ही खूण दिसली तर कामाची, न दिसली तर निकाल नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच महागात पडते. थायरॉईडमध्ये बारीक गाठी खूप जणांना असतात. घसा आवळतो म्हणून सोनोग्राफी केली, ६ मिलिमीटरची गाठ सापडली, आणि 'कारण मिळाले' म्हणून ऑपरेशन ठरले, असे होऊ देऊ नका. एवढी गाठ श्वासनळी किंवा अन्ननळी दाबत नाही. ती काढूनही गोळा तिथेच राहतो.

किती घाई

बसल्या जागी श्वास घेताना आवाज, उताणे पडताच श्वास कोंडणे, थुंकीही न गिळता येणे, किंवा काही तासांत सूज वाढून दम लागणे: १०८ ला फोन करा, सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.

काही आठवड्यांत भराभर वाढणारी किंवा दगडासारखी कडक सूज, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गळ्याच्या बाजूला नवी गाठ, घट्ट अन्न अडकणे यांसाठी आठवडाभरात कान-नाक-घसा किंवा शस्त्रक्रिया विभागात जा. वय जास्त असून जुनी सूज अचानक वाढू लागली तर 'ती तर वीस वर्षे आहे' असे म्हणून टाळू नका. रक्ताच्या नात्यात थायरॉईडचा कॅन्सर झालेला असेल किंवा लहानपणी गळ्याला रेडिएशन दिलेले असेल, तर हे पहिल्याच भेटीत सांगा.

सूज एकाएकी येऊन दुखत असेल तर बहुधा पाण्याच्या गाठीत रक्तस्राव झालेला असतो, किंवा सर्दी-तापानंतर ग्रंथीला दाह झालेला असतो. दाहात दुखणे कानापर्यंत जाते. दोन्हींत घाबरण्यासारखे सहसा नसते, पण त्याच आठवड्यात दाखवा.

यातले काहीच नाही, नुसती सूज दिसते? महिन्याभरात दाखवा.

तपासण्या, याच क्रमाने

आधी टीएसएच. उपाशीपोटी जायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून किमान दोन दिवस आधी बंद करा, त्यांनी काही मशीनवर आकडा चुकीचा येतो.

मग गळ्याची सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: सगळ्यात मोठ्या गाठीचे माप, ती किती संशयास्पद दिसते हे सांगणारा टीआय-रॅड्‌सचा आकडा, आणि ग्रंथीचे खालचे टोक दिसले की नाही. सोनोग्राफीला हाडामागचे दिसत नाही. 'लोअर पोल नॉट व्हिज्युअलाइज्ड' किंवा 'रेट्रोस्टर्नल एक्सटेन्शन' असे लिहिले असेल तर तपास अर्धवट आहे, पुढे सीटी स्कॅन लागेल.

टीएसएच कमी आले तर सुईच्या तपासणीआधी थायरॉईड स्कॅन करायचा असतो, गाठ हार्मोन बनवते का हे त्यात दिसते. जास्त हार्मोन बनवणारी गाठ कॅन्सरची क्वचितच असते. बाकी गाठींची सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, आकडा आणि माप एकत्र बघून ठरते: टीआय-रॅड्‌स ५ ला १ सेंटीमीटरपासून, ४ ला दीडपासून, ३ ला अडीचपासून. 'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' या भीतीने एफएनएसी टाळू नका.

एक नमुना घेऊ. खानापूर तालुक्यातल्या ५२ वर्षांच्या काकू. सूज सहा वर्षांची, टीएसएच १.८, म्हणजे नॉर्मल. चार महिन्यांपासून दोन उशा लागतात, भाकरी कुस्करून खातात. सोनोग्राफीत दोन्ही बाजू मोठ्या, सगळ्यात मोठी गाठ ३.४ सेंटीमीटर, टीआय-रॅड्‌स ३, डाव्या बाजूचे खालचे टोक दिसत नाही. माप अडीचच्या वर म्हणून एफएनएसी केली, ती साधी आली. घरचे इथे सुटकेचा श्वास सोडतात आणि फाईल कपाटात जाते. पण साध्या एफएनएसीने गाठीच्या स्वभावाचा प्रश्न मिटला, दाबाचा तसाच राहिला. सीटी केल्यावर दिसले की डावी बाजू छातीच्या हाडामागे उतरली आहे आणि एरवी साधारण दीड सेंटीमीटरची श्वासनळी तिथे ६ मिलिमीटरवर आली आहे. गाठ साधी असूनही हे प्रकरण सर्जनकडे जायचे, तेही लवकर. अशी बहुतेक ऑपरेशने गळ्यातूनच होतात, छाती उघडावी लागत नाही.

सीटीच्या आधी टीएसएचचा रिपोर्ट दाखवा. शिरेतून देतात त्या रंगद्रव्यात आयोडीन असते आणि जुन्या गाठाळ ग्रंथीत त्याने हार्मोन उसळू शकते. हाडामागचा भाग बघायला बऱ्याचदा साधा सीटी पुरतो.

तालुका रुग्णालयात रक्ततपासणी उरकली तरी सोनोग्राफी आणि सुईसाठी बेळगावचे जिल्हा रुग्णालय (बिम्स) किंवा केएलई रुग्णालय बऱ्याचदा गाठावे लागते. निपाणीकडचे कोल्हापूरला जातात, अथणीकडचे मिरजेला. कुठेही जा, जुनी सोनोग्राफी सोबत न्या, मापे जुळवता येत नाहीत तोवर 'वाढली' या शब्दाला अर्थ नाही. एक-दोन मिलिमीटरचा फरक हातागणिक पडतो. गाठीच्या लांबी, रुंदी, जाडी यांपैकी किमान दोन मापांत वीस टक्क्यांची आणि किमान २ मिलिमीटरची वाढ असेल तरच ती वाढ धरतात.

जे करू नये

टीएसएच नॉर्मल असताना 'सूज बसावी' म्हणून थायरॉक्सिनची गोळी घेऊ नका. गाठी त्याने बसत नाहीत, धडधड आणि हाडांची झीज मात्र मागे लागते. आयोडीनचे थेंब, गळ्यावर लेप, चोळून मालिश यांतले काहीच नको. आयोडीनयुक्त मीठ घरात हवेच, बाजारातल्या सुट्या खड्या मिठात आयोडीन असेलच असे नाही, पण मोठ्या माणसाची झालेली गाठ मिठाने जात नाही. कोबीने गलगंड वाढते या भीतीने शिजवलेला कोबी बंद करायचे कारण नाही.

ऑपरेशन ठरलेच तर सर्जनना दोन गोष्टी आधी विचारा. स्वरयंत्राचे पडदे दुर्बिणीने तपासले का, कारण आवाजाची नस ग्रंथीच्या मागून जाते आणि ती आधीच कमजोर असेल तर ते ऑपरेशनपूर्वी कळायला हवे. आणि पूर्ण ग्रंथी काढणार की अर्धी. पूर्ण काढली तर थायरॉक्सिन आयुष्यभर घ्यावे लागेल, आणि पहिल्या काही दिवसांत ओठ-बोटांना मुंग्या आल्या तर ते कॅल्शियम उतरल्याचे लक्षण समजून त्याच दिवशी कळवायचे.