व्हीपीएनमध्ये ‘इंडिया’ सर्व्हर निवडूनही नेट मंद का?

व्हीपीएनने वेग थोडा कमी होतोच, पण खरा फटका बसतो तो अंतराचा. ॲपमधल्या देशाच्या नावावर मात्र विसंबू नका. 2022 मध्ये ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचा सरकारी नियम आल्यावर अनेक कंपन्यांनी भारतातली यंत्रं हलवली. त्यामुळे ‘इंडिया’ नावाचा सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूर किंवा लंडनमध्ये असू शकतो; भारतीय असतो तो फक्त आयपी पत्ता.

हे तपासता येतं. व्हीपीएन बंद ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा, मग जोडून पुन्हा चालवा:

```
ping 1.1.1.1
```

या पत्त्याला उत्तर सहसा सर्व्हरच्या जवळूनच मिळतं, म्हणून वाढलेले मिलिसेकंद म्हणजे साधारण सर्व्हरपर्यंतची जा-ये. पुण्यातून 10 चे 15 झाले तर सर्व्हर मुंबईच्या आसपास आहे. 60-70 झाले तर बहुधा सिंगापूर, सव्वाशेच्या पुढे गेले तर युरोप.

सिंगापूरमार्गे मुंबईतली साइट उघडली तर डेटा समुद्र ओलांडून जातो आणि परत येतो, म्हणजे दुप्पट फेरा. सिंगापुरातलीच साइट हवी असेल तर तोच सर्व्हर जवळपास फुकटात पडतो. म्हणून सर्व्हर निवडताना तो तुम्ही आणि साइट यांच्या वाटेवर आहे का, ते बघा.

पिंग कमी असूनही डाउनलोड रखडत असेल तर सर्व्हरवर गर्दी असेल. त्याच शहरातला दुसरा घ्या. ॲपच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल, म्हणजे जोडणीची पद्धत, ओपनव्हीपीएन टीसीपी असेल तर वायरगार्ड करा.