थ्रेशोल्ड हृदयगतीची चाचणी: आकडा वापरण्याआधी या चुका टाळा

साधारण तासभर टिकवता येईल अशा जास्तीत जास्त जोराला हृदय मिनिटाला जितके ठोके देते, ती थ्रेशोल्ड हृदयगती. ती काढण्याची सर्वाधिक वापरली जाणारी मैदानी चाचणी अगदी साधी आहे. चांगला वॉर्मअप करायचा, सपाट आणि अडथळा नसलेल्या मार्गावर एकट्याने तीस मिनिटे टिकेल तितक्या जोराने धावायचे, दहा मिनिटे झाली की घड्याळाचे लॅपचे बटण दाबायचे आणि शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी हृदयगती घ्यायची. ही पद्धत मुख्यतः अमेरिकी प्रशिक्षक जो फ्रील यांच्यामुळे रूढ झाली. पहिली दहा मिनिटे सोडण्याचे कारण असे की, पाय पहिल्या मिनिटापासून पूर्ण काम करू लागले तरी हृदयगती वर चढून स्थिरावायला वेळ घेते, आणि तो चढ सरासरीत आला तर आकडा खाली ओढला जातो.

चाचणी सोपी असल्यामुळेच तिच्याकडे दुर्लक्ष होते. अनेक नवे धावपटू मला फक्त एक आकडा पाठवतात आणि त्यावरून झोन, म्हणजे वेगवेगळ्या जोराच्या सरावासाठी हृदयगतीचे पट्टे, काढून मागतात. आकड्यामागचा आलेख पाहिल्याशिवाय मी झोन देत नाही, कारण त्या एका आकड्यावर पुढच्या काही महिन्यांचा सराव उभा राहतो आणि तो आकडा चुकीचा असेल तर रोजचे धावणे चुकीच्या जोराने होते.

मनगटावरच्या घड्याळावर भिस्त ठेवणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे. मनगटावरचे घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडते आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात होणारा बदल मोजते. धावताना हात सतत हलतो, त्या हालचालीने मनगटातले रक्तही लयीत पुढे-मागे होते आणि घड्याळही थोडे सरकते. ही लय तुमच्या पावलांची असते. घड्याळाने चुकून तीच लय पकडली, तर ते हृदयाचे ठोके म्हणून पावले मोजत राहते. बहुतेकांची पावले मिनिटाला १६० ते १८५ या दरम्यान पडतात आणि जोरात धावताना हृदयगतीही साधारण तिथेच असते, म्हणून हा घोटाळा आकड्यावरून ओळखू येत नाही. घड्याळाने ११० किंवा २४० दाखवले असते तर कुणालाही शंका आली असती.

माझ्याकडे आलेल्या एका धावपटूचे असेच झाले होते. मनगटी घड्याळावर केलेल्या चाचणीत त्याला १८२ हा आकडा मिळाला होता. धावण्याच्या थ्रेशोल्ड हृदयगतीच्या ८५ ते ८९ टक्के हा सोप्या, लांब धावण्याचा पट्टा धरला जातो. त्या हिशेबाने त्याचा पट्टा १५५ ते १६२ निघाला आणि तो कित्येक आठवडे प्रामाणिकपणे त्या पट्ट्यात धावत राहिला. रोजचे धावणे मात्र छातीला बांधायच्या, हृदयगती मोजणाऱ्या पट्ट्यावर मोजत होता, त्यामुळे ते आकडे खरे होते. तक्रार अशी होती की सोप्या दिवसांनीही पाय जड होतात, झोप नीट लागत नाही आणि वेग जिथल्या तिथे आहे. सराव कमी पडतो आहे, असा त्याने स्वतःच निष्कर्ष काढला होता आणि आठवड्यात आणखी एक दिवस वाढवण्याच्या तयारीत होता.

चाचणीची फाइल उघडून मी हृदयगती आणि पावलांची गती हे दोन आलेख एकावर एक ठेवले. दोन्ही रेषा जवळजवळ एकच होत्या. पावलांची गती १८२ होती आणि हृदयगतीही १८२. शिवाय सुरुवातीच्या मिनिटाच्या आतच हृदयगती थेट वर उडी मारून पट्टी लावून ओढल्यासारखी सपाट झाली होती, आणि चाचणी संपवून तो चालू लागताच ती एकदम खाली कोसळली होती. खरे हृदय असे वागत नाही. ते जोराच्या धावण्यात हळूहळू चढते, अर्ध्या तासात काही ठोक्यांनी वर सरकत राहते आणि थांबल्यावर एका उतारावरून खाली येते.

पुढच्या आठवड्यात छातीचा पट्टा लावून त्याने तीच चाचणी केली, तेव्हा आकडा १६८ आला. आता आधीचा १५५ ते १६२ हा हृदयगतीचा पट्टा तपासून पाहा. १५५ म्हणजे १६८ च्या सुमारे ९२ टक्के आणि १६२ म्हणजे सुमारे ९६ टक्के. ज्याला तो सोपे धावणे समजत होता ते बहुतांशी टेम्पो, म्हणजे सोपे आणि थ्रेशोल्ड यांच्या मधल्या जोराचे धावणे, होते आणि वरच्या टोकाला जवळपास थ्रेशोल्डचा सराव. खरा सोपा पट्टा १४३ ते १५० निघाला. सुरुवातीला इतके हळू धावणे त्याला अपमानास्पद वाटले, पण पायांचा जडपणा त्यानंतर लवकरच गेला, आणि वाढीव दिवसाचा विषयही तिथेच संपला.

म्हणून चाचणीसाठी छातीचा पट्टाच वापरावा, असा माझा आग्रह आहे. लावण्याआधी इलेक्ट्रोड पाण्याने ओले करावेत, कारण कोरड्या पट्ट्यात घाम येईपर्यंत पहिल्या काही मिनिटांत निरर्थक उसळ्या दिसतात. पट्टा इतका घट्ट असावा की दीर्घ श्वास घेतल्यावर सरकणार नाही. वॉर्मअपच्या शेवटी थांबून मानेवरची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणावी आणि घड्याळाशी ताडून पाहावी. ही सवय जुनाट वाटेल, पण अर्धा मिनिट खर्चून एक वाया जाणारी चाचणी वाचते. पट्टा नसेल तर उसना घ्यावा. तोही मिळत नसेल तर चाचणी पुढे ढकलावी.

पहिल्याच दहा मिनिटांत दम काढणे

दुसरी चूक अधीर माणसांची आहे. पहिल्या दहा मिनिटांची हृदयगती मोजायची नाही, हे वाचून काहीजण असे समजतात की तेवढ्या वेळात कसेही धावले तरी चालते. प्रत्यक्षात पुढची वीस मिनिटे कशी जाणार हे त्या दहा मिनिटांतच ठरते.

मी नेहमी तीस मिनिटांचे दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करून पाहतो. एका धावपटूचे तुकडे असे होते: पहिल्या दहा मिनिटांत किलोमीटरला ४:४५ चा वेग आणि सरासरी हृदयगती १६७, दुसऱ्यात ५:०५ आणि १७२, तिसऱ्यात ५:२५ आणि १६६. शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी १६९ येते, पण हा आकडा थ्रेशोल्डचा नाही. सुरुवातीच्या वेगाने तिचे पाय आधीच संपले होते आणि शेवटच्या दहा मिनिटांत तिच्या हृदयावर पूर्ण भार टाकण्याइतके काम पायांकडून होतच नव्हते. म्हणून वेगाबरोबर हृदयगतीही खाली आली.

पुरेशी विश्रांती घेऊन तिने पुन्हा चाचणी केली, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत घड्याळ पाहून वेग ५:०५ च्या पुढे जाऊ दिला नाही, एवढाच बदल होता. तुकडे ५:०५, ५:०२ आणि ४:५८ असे पडले, हृदयगती १६३, १७२ आणि १७७. सरासरी १७४ ते १७५ आली, आणि एकूण अंतरही आधीपेक्षा थोडे जास्तच भरले. मी १७४ धरला. थ्रेशोल्डच्या इंटरव्हलसाठी, म्हणजे मधे विश्रांती घेत ठराविक वेळ त्या जोराने धावण्यासाठी, ९५ ते ९९ टक्क्यांचा पट्टा पहिल्या चाचणीवरून १६१ ते १६७ झाला असता, तो आता १६५ ते १७२ झाला. जुन्या आकड्यावर ती महिनोन्‌महिने जो सराव थ्रेशोल्डचा म्हणून करत राहिली असती, तो खरे तर त्याच्या खालचा असता.

माझा नियम असा आहे की तिसरा तुकडा दुसऱ्यापेक्षा किलोमीटरमागे दहा सेकंदांहून अधिक मंदावला, तर चाचणी रद्द समजावी. त्यातून काहीतरी आकडा काढण्याचा मोह होतो, पण अर्धवट चाचणी दुरुस्त करणारे गणित अस्तित्वात नाही. सुरुवातीचा वेग ठरवताना पाचव्या मिनिटाला थोडे आवरते घेतल्यासारखे वाटले पाहिजे आणि पंधराव्या मिनिटाला शेवटपर्यंत टिकेल की नाही अशी शंका आली पाहिजे.

बाकीच्या चुका

आलेल्या सरासरीला पुन्हा ०.९५ ने गुणू नये. तो गुणक सायकलवरच्या वीस मिनिटांच्या चाचणीत वॅटसाठी वापरतात, हृदयगतीसाठी नाही. १७४ चे १६५ करून बसलेले धावपटू मी नेहमी पाहतो.

घड्याळातला झोनचा पाया तपासावा. बहुतेक घड्याळांत झोन कमाल हृदयगतीच्या टक्क्यांवर मांडलेले असतात आणि तो पाया हाताने बदलावा लागतो. कमाल १९० आणि थ्रेशोल्ड १७२ असलेल्या माणसाचे घड्याळ दुसरा झोन कमालच्या ६० ते ७० टक्के धरत असेल, तर तो ११४ ते १३३ येतो. थ्रेशोल्डवरून काढलेला सोपा पट्टा १४६ ते १५३ आहे. एका पद्धतीचे टक्के दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याला लावले की अनेकांना चालावे लागते आणि मग ते झोनलाच नावे ठेवतात.

धावण्याचा आकडा सायकलला लावू नये. सायकलवर शरीराचे वजन पेलावे लागत नाही आणि कमी स्नायू कामाला लागतात, म्हणून तिथला आकडा बहुतेकांच्या बाबतीत काही ठोक्यांनी कमी येतो. दोन्ही करणाऱ्यांनी दोन स्वतंत्र चाचण्या कराव्यात.

कडक उन्हात चाचणी करू नये. उष्णतेत रक्त त्वचेकडे वळते, घामाने रक्तातले पाणी घटते, प्रत्येक ठोक्यामागे कमी रक्त बाहेर पडते आणि तेवढ्याच वेगाला हृदयगती जास्त लागते. हीच गोष्ट लांब धावण्याच्या शेवटच्या भागातही घडते, त्यामुळे तिथे पट्ट्याच्या वर दोन-चार ठोके गेले आणि श्वास शांत असेल तर मी वेग कमी करायला सांगत नाही.

एक-दोन मिनिटांच्या इंटरव्हलमध्ये हृदयगतीकडे पाहू नये, कारण ती पोहोचेपर्यंत इंटरव्हल संपतो. तिथे वेग धरावा. आठ-दहा मिनिटांच्या थ्रेशोल्ड इंटरव्हलमध्येही पहिली दोन-तीन मिनिटे आकडा खाली राहणारच, आणि तो गाठण्यासाठी जोर वाढवणे म्हणजे वर सांगितलेली दुसरी चूक रोज करणे होय.

हृदयगती कमी करणारी औषधे, विशेषतः बीटा ब्लॉकर, घेणाऱ्यांना हे पट्टे लागू होत नाहीत. ज्यांना हृदयाचा आजार आहे किंवा श्रमाने छातीत दुखते, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय ही चाचणी करू नये.

चाचणी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करावी. दर आठवड्याला केली तर थकवाच मोजला जातो. पुन्हा केलेल्या चाचणीत हृदयगतीचा आकडा जवळपास तोच आला, म्हणून नाराज होणारे बरेच असतात. सरावलेल्या माणसाची थ्रेशोल्ड हृदयगती फारशी हलत नाही. बदलतो तो त्या हृदयगतीला मिळणारा वेग. म्हणून वहीत दोन्ही गोष्टी लिहाव्यात: १७४ ठोके आणि त्या वीस मिनिटांतला ५:०० चा वेग. पुढच्या वेळी १७३ ठोक्यांना ४:५२ आले तर सराव चांगला चालला आहे आणि झोन आहेत तसेच ठेवावेत. आकडा पाच ठोक्यांहून अधिक बदलला, तर झोन बदलण्याआधी पुन्हा आलेख उघडून पावलांची गती आणि तिन्ही तुकडे पाहावेत.