लांबलचक भाषण तीन मुद्द्यांत

दीड तासाच्या भाषणाचा सारांश करताना टाळ्यांची वाक्ये उरतात, आश्वासने गळतात. भाषणाची लिखित प्रत घ्या आणि आधी फक्त क्रियापदांखाली रेघ मारा.

1. 'केले' : झालेली कामे.
2. 'करू' : आश्वासने, रकमेसकट.
3. 'करा' : लोकांना आवाहन.

पंतप्रधानांचे 15 ऑगस्ट 2019 चे भाषण घ्या. पहिल्यात कलम 370 चा निर्णय. दुसऱ्यात संरक्षण दल प्रमुखपद आणि जलजीवन मिशनचे साडेतीन लाख कोटींहून अधिक रुपये. तिसऱ्यात एकदाच वापरायचे प्लास्टिक सोडण्याचे आवाहन. जागा कमी पडली तर पहिला मुद्दा छाटा, दुसरा नको.

'ठणकावले', 'कबुली दिली' ही क्रियापदे गुपचूप मत घुसवतात. 'म्हणाले', 'जाहीर केले' पुरे.