शैक्षणिक कर्जात लॅपटॉपची भर घालताना

सोलापूरहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलांना लॅपटॉप किंवा खोलीभाड्यासाठी कर्ज वाढवून घ्यायचे असते, तेव्हा आधी मूळ मंजुरीपत्र काढून पाहावे. मंजुरी शुल्क, वसतिगृह, पुस्तके, संगणक अशा खर्चाच्या शीर्षांनुसार झालेली असते. संगणकाची रक्कम मंजूर असून उचललेली नसेल, तर विक्रेत्याचे दरपत्रक शाखेत देऊन तीच मागावी. त्यासाठी टॉप-अप लागत नाही.

टॉप-अप म्हणजे नवी मंजुरी. त्यासाठी पालकांच्या, म्हणजे सहकर्जदारांच्या, पुन्हा सह्या लागतात, उत्पन्न आणि सिबिल नव्याने तपासले जाते, व्याजदरही त्या दिवशीचा लागू शकतो. अभ्यासक्रमासाठी लॅपटॉप आवश्यक असल्याचे महाविद्यालयाचे पत्र सोबत असलेले बरे.

खरी मेख रकमेच्या टप्प्यांत असते. भारतातील शिक्षणासाठी बँकांच्या आदर्श योजनेत 4 लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा लागत नाही, त्यापुढे 5 टक्के लागतो. मूळ कर्ज 3,60,000 रुपयांचे असेल आणि लॅपटॉपसाठी 60,000 मागितले, तर एकूण 4,20,000 होऊन ही मर्यादा ओलांडली जाते. हिस्सा केवळ वाढीव रकमेवर धरला तर 3,000, पूर्ण रकमेवर धरला तर 21,000 रुपये भरावे लागतात, म्हणून हिशेब शाखेकडून लेखी घ्यावा. 40,000 मागून उरलेले 20,000 घरून घालणे, माझ्या मते, अशा वेळी अधिक सोयीचे.