कोकम सरबताच्या फोटोतला गारवा

मे महिन्यात नौपाड्यातल्या एका मैत्रिणीच्या घरगुती सरबतांचे फोटो काढायला बसलो. फ्रीजमधला गार ग्लास बाहेर काढला, तर ठाण्याच्या दमट हवेत दोन मिनिटांत तो घामाघूम झाला. थेंब एकमेकांत मिसळून ओघळले, टेबलावर तळं साचलं, बर्फही विरघळला. तेव्हापासून मी सरबत साधंच ठेवतो आणि गारवा बाहेरून चढवतो.

ग्लास साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. त्यानंतर त्याला हातमोजे घालूनच धरा, कारण बोटांचा तेलकट ठसा फोटोत ठळक दिसतो. आता सरबत जिथपर्यंत येणार तिथे खूण करा आणि तिच्या जरा वरपासून काठापर्यंतची काच मास्किंग टेपने झाका. खऱ्या गार ग्लासावर दव साधारण पेयाच्या पातळीपर्यंतच धरतं. काठापर्यंत थेंब दिसले की फोटो खोटा वाटतो.

उघड्या काचेवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रेचा एक पातळ हात द्या. हे गॅलरीत करा, वास उग्र असतो. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, या थरावर मात्र ते थेंब धरून बसतं. थर सुकला की मेडिकलमधलं ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून बारीक फवाऱ्याच्या बाटलीत भरा आणि हातभर अंतरावरून फवारा. ग्लिसरीन घट्ट असतं आणि वाळत नाही, म्हणून थेंब तासभरही जागचे हलत नाहीत. ओघळ आले तर मिश्रण पातळ झालंय किंवा फवारा जास्त झालाय असं समजा. पुसून पुन्हा करा, त्याला इलाज नाही. शेवटी टूथपिकने चार-पाच मोठे थेंब ठेवा; सगळे एका मापाचे असले की पुरळ उठल्यासारखे दिसतात.

बर्फासाठी अ‍ॅक्रिलिकचे तुकडे वापरा. ते विरघळत नाहीत, पण एक गोची आहे: खरा बर्फ तरंगतो, हे तुकडे बुडतात. त्यामुळे तळापासून रचत जा, म्हणजे वरचे एक-दोन तुकडे सरबताबाहेर जरासे डोकावतील. मग टेप काढा आणि नरसाळ्याने सरबत हळूहळू ओता, काठावर शिंतोडे नकोत.

कोकम गडद असतं, त्यात बर्फ गडप होतो. मी सरबतात जवळजवळ तेवढंच पाणी घालतो, खिडकी ग्लासाच्या मागे येईल असा बसतो आणि ग्लासाच्या आकारापेक्षा थोडा लहान चंदेरी कागद कापून मागे तिरका उभा करतो. लाल रंग आतून उजळतो, थेंबांच्या कडा चमकतात. कागदाची कड फोटोत दिसत नाही ना, तेवढं झूम करून बघा.

फोटो झाल्यावर मैत्रिणीच्या मुलाने ग्लास तोंडाला लावायला उचलला होता. ते सरबत ओतून द्या आणि स्प्रे मारलेला ग्लास फोटोपुरताच वेगळा ठेवा.